दोन्ही गटांत पुढे, बेरजेत मागे

सोबतच्या छायाचित्रात एक साधा तक्ता आहे. तीन ओळी, दोन रकाने. सातवी-आठवीच्या मुलालाही त्यातली टक्केवारी काढता येईल. तरीही हा तक्ता गेली कित्येक वर्षे जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि संख्याशास्त्राच्या वर्गांत फळ्यावर लिहिला जातो, कारण तो वाचणाऱ्याला पेचात टाकतो. छायाचित्रातील आकडे पुसट वाटत असतील तर ते येथे पुन्हा देतो.

| | मोठी शस्त्रक्रिया | दुर्बिणीची पद्धत |
|---|---|---|
| लहान खडे | ८७ पैकी ८१ यशस्वी (९३ टक्के) | २७० पैकी २३४ यशस्वी (८७ टक्के) |
| मोठे खडे | २६३ पैकी १९२ यशस्वी (७३ टक्के) | ८० पैकी ५५ यशस्वी (६९ टक्के) |
| एकूण | ३५० पैकी २७३ यशस्वी (७८ टक्के) | ३५० पैकी २८९ यशस्वी (८३ टक्के) |

विषय आहे मुतखड्याचा. आपल्याकडे कुणी ‘मुतखडा’ म्हणतो, कुणी ‘किडनी कल्लु’. पण उन्हाळा आला की कुणाच्या ना कुणाच्या घरात त्याची कळ उठतेच. आता तक्ता सावकाश वाचा. पहिल्या ओळीत, लहान खड्यांच्या रुग्णांत, मोठी शस्त्रक्रिया सरस ठरली आहे. दुसऱ्या ओळीत, मोठ्या खड्यांच्या रुग्णांतही मोठी शस्त्रक्रियाच सरस. खडा एक तर लहान असणार, नाही तर मोठा. तिसरा प्रकार नाही. मग दोन्ही ओळींची बेरीज केल्यावर दुर्बिणीची पद्धत पाच टक्क्यांनी पुढे कशी गेली?

आकडे चुकलेले नाहीत. बेरीज करून पाहा, ८१ आणि १९२ मिळून २७३ होतात; २३४ आणि ५५ मिळून २८९. भागाकारही बरोबर आहेत. गडबड गणितात नसून ‘एकूण’ या शब्दाकडून आपण जी अपेक्षा करतो तिच्यात आहे.

आकडे आले कुठून?

ही आकडेवारी कुणी कोडे म्हणून रचलेली नाही. १९८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सी. आर. चॅरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. मूत्रपिंडातील खडे काढण्याच्या वेगवेगळ्या उपायांची त्यात तुलना होती. एक उपाय जुना, म्हणजे कुशीत मोठा छेद घेऊन मूत्रपिंडापर्यंत पोहोचायचे आणि खडा काढायचा. दुसरा त्या काळी नवा होता. पाठीकडून एक लहानसे छिद्र पाडायचे, त्यातून दुर्बीण आत घालायची आणि खडा तसाच किंवा फोडून बाहेर काढायचा. डॉक्टर या दुसऱ्या पद्धतीला ‘पर्क्युटेनियस नेफ्रोलिथोटॉमी’ म्हणतात. रुग्णालयाच्या कागदावर ती बहुधा ‘पीसीएनएल’ या चार अक्षरांत लिहिलेली असते. आपण येथे तिला दुर्बिणीची पद्धत म्हणू.

‘यशस्वी’ कुणाला म्हणायचे हेही त्यांनी ठरवून घेतले होते. तीन महिन्यांनी तपासल्यावर खडा उरलेला नसेल, किंवा उरलेच तर दोन मिलिमीटरपेक्षा बारीक कण असतील, तर तो उपाय यशस्वी. खडा दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर लहान, त्याहून मोठा असेल तर मोठा.

दोन्ही रकान्यांत रुग्ण सारखेच, साडेतीनशे. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला तुलना अगदी समतोल वाटते. ७८ विरुद्ध ८३, नवी पद्धत सरस, असा निष्कर्ष सहज निघतो. पुढे १९९४ साली त्याच नियतकालिकात स्टीव्हन ज्युलियस आणि मार्क मली या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी हाच तक्ता खड्यांच्या आकारानुसार मांडून दाखवला आणि म्हटले, आता पाहा. तेव्हापासून हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाऊ लागले.

पेच सुटतो कसा?

तक्त्यातली टक्केवारी क्षणभर झाका आणि फक्त रुग्णांची संख्या पाहा. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ३५० जणांपैकी २६३ जणांचे खडे मोठे होते, म्हणजे चारांतले तीन. दुर्बिणीच्या रकान्यात नेमके उलट आहे. तिथे ३५० पैकी २७० जणांचे खडे लहान होते आणि मोठे खडेवाले फक्त ८०, म्हणजे चारांत एकापेक्षाही कमी.

आता टक्केवारी उघडा. मोठा खडा काढणे कोणत्याही पद्धतीला जड जाते. शस्त्रक्रियेचे यश लहान खड्यांत ९३ आणि मोठ्यांत ७३. दुर्बिणीचे ८७ आणि ६९. दोन्हीकडे मोठ्या खड्याने यश अठरा-वीस टक्क्यांनी खाली आणले आहे. हा फरक दोन पद्धतींमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. खरी झुंज पद्धत विरुद्ध पद्धत अशी नव्हतीच. एका पद्धतीच्या वाट्याला अवघड रुग्ण आले आणि दुसरीच्या वाट्याला सोपे.

एकूण टक्केवारी नेहमी दोन गटांच्या टक्केवारींच्या मधे कुठेतरी असते. पण मधे म्हणजे बरोबर मध्यावर नव्हे. ज्या गटात माणसे जास्त, त्या बाजूला ती सरकते. तराजूचा काटा जड पारड्याकडे झुकावा तशी. शस्त्रक्रियेची एकूण टक्केवारी ९३ आणि ७३ यांच्या मधे असणार. तिच्याकडे मोठे खडेवाले जास्त, म्हणून ती ७३ च्या बाजूला ओढली जाऊन ७८ वर थांबली. दुर्बिणीची ८७ आणि ६९ यांच्या मधे असणार. तिच्याकडे लहान खडेवाले जास्त, म्हणून ती ८७ च्या जवळ, ८३ वर राहिली. एक उंच शिडीवरून बरीच खाली आली, दुसरी तिच्यापेक्षा थोड्या बुटक्या शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. बेरीज पाहणाऱ्याला फक्त पायऱ्या दिसतात, शिड्या दिसत नाहीत.

हे खरे की नाही ते तोंडी हिशेबाने तपासता येते. समजा दोन्ही पद्धतींकडे निम्मे रुग्ण लहान खड्यांचे आणि निम्मे मोठ्या खड्यांचे पाठवले असते आणि प्रत्येक गटातले यश तेवढेच राहिले असते. मग सरासरी काढायची. शस्त्रक्रियेची ९३ आणि ७३ यांची सरासरी ८३. दुर्बिणीची ८७ आणि ६९ यांची सरासरी ७८. आकडे तेच आले, ८३ आणि ७८. फक्त जागा बदलल्या! रुग्णांचे वाटप सारखे करताच उलटलेला निकाल पुन्हा सरळ झाला. संख्याशास्त्रज्ञ असे समान वाटप धरून तुलना करण्याला ‘प्रमाणीकरण’ म्हणतात, आणि असा तक्ता समोर आला की ते पहिल्यांदा हेच करून बघतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. निकाल उलटायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, ज्या गोष्टीवरून गट पाडले (येथे खड्याचा आकार) तिचा निकालावर स्वतंत्र परिणाम हवा. दुसरी, दोन्ही बाजूंना त्या गटांचे वाटप असमान हवे. दोहोंपैकी एक जरी नसेल तरी दोन्ही गटांतला विजेता बेरजेत हरणार नाही. म्हणून शंका आली तर शोधायच्या त्या याच दोन गोष्टी.

मग मोठी शस्त्रक्रियाच चांगली का?

इथवर वाचून कुणी घरातल्या रुग्णाला ‘दुर्बीण नको, पोट फाडूनच घे’ असे सांगायला निघाला, तर मात्र घात होईल. तक्ता उलटला याचा अर्थ दुसरा निष्कर्ष आपोआप सिद्ध झाला असा नाही.

पहिली अडचण काळाची. मोठ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण १९७२ ते १९८० मधले होते आणि दुर्बिणीचे १९८० ते १९८५ मधले. हे उदाहरण सांगताना पुष्कळदा असे सांगतात, की डॉक्टरांनी अवघड रुग्ण एका बाजूला आणि सोपे दुसऱ्या बाजूला पाठवले. प्रत्यक्षात हे दोन वेगळ्या काळांतले रुग्ण आहेत. मधल्या वर्षांत तपासणीची यंत्रे, भूल देण्याची पद्धत, औषधे, डॉक्टरांचा हात, सगळेच बदलत असते. खड्याचा आकार आपल्याला तक्त्यात दिसला म्हणून त्याचा हिशेब करता आला. जे तक्त्यात नाही त्याचा हिशेब करता येत नाही.

दुसरी अडचण रुग्णसंख्येची. मोठ्या खड्यांच्या ओळीत दुर्बिणीचे रुग्ण फक्त ८० आहेत, त्यांतले ५५ यशस्वी. समजा आणखी चार जणांचा खडा नीट निघाला असता, तर ८० पैकी ५९ म्हणजे जवळजवळ ७४ टक्के झाले असते आणि त्या ओळीत दुर्बीण पुढे गेली असती. चार माणसांनी जो निकाल फिरतो, त्यावर फार भार टाकू नये. लहान खड्यांच्या ओळीतला फरक त्यामानाने पक्का आहे. तो फिरवायला अठरा रुग्ण लागले असते. पण तिथेही शस्त्रक्रियेच्या बाजूला अवघे ८७ जण आहेत, हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तक्त्यात फक्त खडा निघाला की नाही एवढेच मोजले आहे. जखम केवढी झाली, रुग्णालयात किती दिवस राहावे लागले, शेतावर किंवा कामावर परत जायला किती आठवडे लागले, यांतले काहीच त्या सहा घरांत नाही. मोठ्या छेदाच्या मानाने लहान छिद्र रुग्णाला कितीतरी सोसवते. आज मुतखड्यासाठी मोठा छेद घेण्याची वेळ क्वचितच येते, ती याच कारणाने. आणि मधल्या काळात दुर्बिणीची साधने आणि तंत्रही पुष्कळ सुधारले आहे. तेव्हा १९८६ चा तक्ता आज उपचार ठरवण्यासाठी वापरायचा नाही. तो तक्ते कसे वाचावेत हे शिकण्यासाठी वापरायचा.

सिगारेट ओढणाऱ्या बायका जास्त जगल्या?

अशा तक्त्याचा दुरुपयोग कसा होऊ शकतो, याचे एक उदाहरण उत्तर इंग्लंडमधल्या विकम या गावचे आहे. तिथे १९७२ ते १९७४ मध्ये लोकांची आरोग्य पाहणी झाली आणि वीस वर्षांनी पुन्हा चौकशी झाली. त्यातली स्त्रियांची आकडेवारी १९९६ साली प्रसिद्ध झाली. पाहणीच्या वेळी सिगारेट ओढणाऱ्या ५८२ स्त्रियांपैकी वीस वर्षांत १३९ दगावल्या होत्या, म्हणजे २४ टक्के. कधीच न ओढणाऱ्या ७३२ पैकी २३० दगावल्या, म्हणजे ३१ टक्के. एवढेच दोन आकडे छापले तर तंबाखू विकणाऱ्याला दुसरी जाहिरात नको!

येथे लपलेली गोष्ट म्हणजे वय. पाहणीच्या वेळी पासष्टी उलटलेल्या स्त्रिया न ओढणाऱ्यांत चौथ्या हिश्श्याहून जास्त होत्या. ओढणाऱ्यांत शंभरात आठच. पासष्टीनंतरची वीस वर्षे कोण काढणार? न ओढणाऱ्यांचा आकडा फुगला तो म्हाताऱ्या बायकांमुळे. वयाचे गट पाडताच जवळजवळ प्रत्येक गटात ओढणाऱ्यांचे मृत्यू अधिक दिसतात. पंचावन्न ते चौसष्ट या एकाच गटाचे पाहिले तर ओढणाऱ्यांपैकी ४४ टक्के दगावल्या, न ओढणाऱ्यांपैकी ३३ टक्के. आपल्या भागात निपाणीची तंबाखू सर्वांना ठाऊक आहे आणि घरोघरी तिचे परिणामही. तेव्हा ‘आमचे आजोबा ऐंशी वर्षे बिडी ओढत जगले’ या युक्तिवादाला जोड म्हणून कुणी असा तक्ता दाखवला, तर आधी त्यातली वये विचारा.

या उलट्या निकालाला संख्याशास्त्रात ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात. एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर एक छोटा निबंध लिहिला, आणि कॉलिन ब्लाइथ यांनी १९७२ साली त्याला सिम्पसनचे नाव दिले. गंमत अशी, की उडनी यूल यांनी हीच गोष्ट १९०३ मध्येच दाखवून दिली होती.

गट नेहमीच पाडावेत का?

एवढे समजल्यावर असे वाटू शकते, की बेरीज खोटी आणि गट खरे; मिळेल तो तक्ता फोडून पाहावा. तसेही नाही. कोणत्या गोष्टीवरून गट पाडायचे, हे विचारपूर्वक ठरवावे लागते.

खड्याचा आकार उपचाराआधीच ठरलेला असतो. शस्त्रक्रिया कोणती केली यावरून तो बदलत नाही. माणसाचे वयही तसेच. अशा गोष्टींवरून गट पाडणे योग्यच. पण समजा रक्तदाबाच्या एका गोळीने पक्षाघात टळतो का, हे पाहायचे आहे. सहा महिने गोळी दिल्यावर कुणी रुग्णांचे दोन गट पाडले, रक्तदाब उतरलेले आणि न उतरलेले, आणि प्रत्येक गटात गोळी घेणारे व न घेणारे यांची तुलना केली, तर गोळीचा गुण दिसेनासा होण्याची शक्यता आहे. कारण रक्तदाब उतरवणे हेच तर त्या गोळीचे काम! तिने केलेल्या कामावरूनच गट पाडले, तर ते काम तुलनेतून निघून जाते. अशा वेळी बेरजेचाच आकडा खरा.

म्हणून कसोटी अशी. ज्यावरून गट पाडायचे ती गोष्ट उपायाच्या आधीची असेल आणि निकालावर परिणाम करणारी असेल, तर गट पाडून पाहा. ती गोष्ट उपायानेच घडलेली असेल, तर गट पाडू नका. कोणती गोष्ट आधीची आणि कोणती नंतरची, हे मात्र आकडे स्वतः सांगत नाहीत. ते त्या विषयातल्या जाणत्यालाच, येथे डॉक्टरला, विचारावे लागते.

घरात कामाला येईल असे

टक्केवारीचे तक्ते आता फोनवर, भिंतीवरच्या फलकावर, कुठेही भेटतात. दहावीच्या शिकवणी वर्गाची जाहिरात घ्या. ‘आमचा निकाल ९५ टक्के, शेजारच्यांचा ८०’ असे लिहिलेले असते. पहिल्या वर्गाने आधीच चांगले गुण असलेलीच मुले निवडून घेतली आणि शेजारच्याने नापास झालेल्यांनाही दार उघडे ठेवले, तर कोणत्या वर्गात शिकवणे चांगले हे त्या दोन आकड्यांवरून मुळीच कळणार नाही. विचारायचे ते हे, की आमच्या मुलासारखे गुण घेऊन आलेली किती मुले तुमच्याकडे होती आणि त्यांतली किती पास झाली.

शब्द ‘किती’ असा आहे, ‘किती टक्के’ असा नाही. नुसती टक्केवारी दिलेला तक्ता तपासता येत नाही, कारण कोणत्या पारड्यात किती माणसे होती हे त्यात लपून जाते. मुतखड्याच्या तक्त्यात ‘८७ पैकी’, ‘८० पैकी’ असे मूळ आकडे दिले होते, म्हणून तर पेच उकलता आला.

आणि खडा आपल्याच घरात निघाला, तर सोनोग्राफीच्या अहवालात त्याचे माप लिहिलेले असते. ते मिलिमीटरमध्ये असते. वीस मिलिमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर. डॉक्टरांना ‘या उपायाचे यश किती टक्के?’ असे मोघम विचारू नका. ‘एवढ्या मापाचा खडा, या जागी असलेला, अशा किती रुग्णांवर तुम्ही हा उपाय केला आणि त्यांतल्या किती जणांचा खडा पूर्ण निघाला?’ असे विचारा. मराठीत विचारा की कन्नडात, प्रश्न तोच. त्याचे उत्तर तक्त्याच्या शेवटच्या ओळीत नसते. ते आपल्या मापाच्या ओळीत असते.